साइट प्लॅन निर्देशांकांवर बसवूनही ड्रॉइंग्ज जुळत नाहीत: दोन बिंदूंची तपासणी आणि ‘खरी उत्तर’

सर्व्हेअरची मोजणी, वास्तुविशारदाची इमारत, स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा कॉलम लेआउट आणि रस्ते-ड्रेनेजचे ड्रॉइंग ही चारही ऑटोकॅडच्या एका मास्टर फाइलमध्ये एक्सरेफ म्हणून जोडली की ती आपापल्या जागी बसायला हवीत. प्रत्यक्षात एखादे ड्रॉइंग दोनशे मीटरवर तिरके पडते, एखादे मीटरभर फिरते आणि एखादे दिसतच नाही. मग मास्टर फाइल सांभाळणारा `MOVE` आणि `ROTATE` वापरून सगळे डोळ्यांनी जुळवतो. पुढच्या आठवड्यात सुधारित ड्रॉइंग येते आणि तीच गडबड पुन्हा उभी राहते. मास्टर फाइलमध्ये केलेली दुरुस्ती टिकत नाही, कारण चूक मूळ फाइलमध्ये किंवा ती जोडताना दिलेल्या सेटिंगमध्ये असते. ती नेमकी कुठे आहे हे आधी ओळखावे लागते.

ओळखण्यासाठी दोन बिंदू पुरेसे होतात, मात्र ते एकमेकांपासून लांब असावेत आणि प्रत्येक ड्रॉइंगमध्ये निःसंदिग्धपणे दिसावेत. प्लॉटच्या एकाच बाजूचे दोन कोपरे, किंवा सर्व्हेअरने जमिनीत पक्के केलेले दोन कंट्रोल पॉइंट, यासाठी चांगले. प्रत्येक ड्रॉइंग मास्टरला जोडल्यावर `UCS` कमांडने आधी World स्थिती आणावी आणि मग `ID` कमांडने दोन्ही बिंदूंचे निर्देशांक वाचून लिहून काढावेत. World स्थिती आणायची राहिली तर `ID` त्या वेळी चालू असलेल्या अक्षांप्रमाणे आकडे दाखवते आणि सगळी तपासणी फुकट जाते.

पुण्याच्या परिसरातल्या एका प्लॉटचे उदाहरण घेऊ. मोजणी यूटीएमच्या 43 उत्तर झोनमध्ये, मीटरमध्ये आहे. ऑटोकॅडमध्ये ईस्टिंग म्हणजे X आणि नॉर्दिंग म्हणजे Y. समोरच्या सीमेचे दोन कोपरे A आणि B आहेत. वास्तुविशारदाची इमारत या सीमेला समांतर असल्यामुळे त्याच्या कागदावर AB रेषा आडवी आहे. मास्टर फाइलमध्ये चार ड्रॉइंग्जची वाचने अशी मिळाली:

```
Survey     A 378612.450, 2048105.320
           B 378780.450, 2048200.320
Architect  A 378612.450, 2048105.320
           B 378779.841, 2048201.388
Drainage   A     12.450,     105.320
           B    180.450,     200.320
Structure  A 378612.450, 2048105.320
           B 378780.450, 2048200.320
```

सर्व्हेअरच्या आकड्यांनुसार A पासून B पर्यंत पूर्वेकडे १६८ मीटर आणि उत्तरेकडे ९५ मीटर अंतर आहे, म्हणजे AB ची लांबी १९३.००० मीटर भरते आणि ती रेषा पूर्व दिशेपासून घड्याळाच्या उलट दिशेने २९.४८७ अंश वळलेली आहे. आता ड्रेनेज आणि वास्तुविशारदाच्या ड्रॉइंग्जमधला दोष या दोन संख्यांच्या आधारे वेगळा काढता येतो.

ड्रेनेजचे ड्रॉइंग सगळ्यांत वाईट दिसते, पण ते सगळ्यांत सोपे आहे. त्यातही AB ची लांबी १९३ मीटर आहे आणि दिशाही तीच आहे. फक्त दोन्ही बिंदू सारख्याच अंतराने सरकले आहेत. सर्व्हेच्या वाचनातून ड्रेनेजचे वाचन वजा केले तर पूर्वेला ३,७८,६०० आणि उत्तरेला २०,४८,००० असे नेमके गोल आकडे येतात, आणि इतका गोल फरक हा कुणीतरी टाइप केलेला असतो. त्या फाइलमध्ये `INSBASE` हे मूल्य तपासले की हेच दोन आकडे सापडतात. एखाद्याने पूर्वी ती फाइल ब्लॉक म्हणून घालण्यासाठी `BASE` कमांडने पाया बदललेला असतो, आणि एक्सरेफ जोडताना ऑटोकॅड फाइलचा शून्य बिंदू न धरता हाच पाया 0,0,0 वर ठेवते. मूळ फाइल उघडून पाया शून्यावर आणून ती सेव्ह केली, की मास्टरमध्ये रीलोड होताच ड्रॉइंग जागेवर येते:

```
UCS W
INSBASE 0,0,0
```

असेच सरसकट सरकणे दुसऱ्या एका कारणानेही घडते, आणि ते मास्टरच्या बाजूचे असते. मास्टर फाइलमध्ये इमारतीला समांतर केलेली अक्षरचना चालू असताना एक्सरेफ जोडला, तर 0,0,0 हा बिंदू आणि शून्य अंशांचे वळण दोन्ही त्या अक्षरचनेतले धरले जातात. त्यामुळे जोडण्यापूर्वी World स्थिती आणण्याची सवय दोन्ही बाजूंनी ठेवावी लागते.

वास्तुविशारदाच्या ड्रॉइंगमध्ये A बरोबर आहे, लांबीही १९३ मीटर आहे, पण B पश्चिमेकडे ०.६०९ मीटर आणि उत्तरेकडे १.०६८ मीटर, म्हणजे एकूण सुमारे १.२३ मीटर सरकला आहे. एक बिंदू स्थिर, लांबी तीच आणि दुसरा बिंदू हललेला, याचा अर्थ वळणात चूक आहे. AB चा नवा कोन काढला तर तो २९.८५२ अंश येतो आणि मूळ कोनापासूनचा फरक ०.३६५ अंश, म्हणजे साधारण २२ कला. पुण्याजवळ ड्रॉइंग नेमके एवढेच फिरलेले दिसले, तर कारण जवळजवळ ठरलेले असते: कुणीतरी ‘खरी उत्तर’ खरोखरच खरी भरली आहे.

यूटीएमच्या ४३ व्या झोनचा मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व आहे. त्या रेखावृत्तावर ग्रिडची उभी रेषा आणि भौगोलिक उत्तर एकच असतात; त्यापासून दूर गेले की दोन्हींमध्ये कोन पडू लागतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येतात आणि ग्रिडच्या रेषा मात्र समांतर राहतात. हा कोन साधारणपणे रेखांशातला फरक गुणिले अक्षांशाचा साइन एवढा असतो. पुणे सुमारे ७३.८५ अंश पूर्व रेखांशावर आणि १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, १.१५ गुणिले ०.३१७ केले की ०.३६५ अंश मिळतात. पुणे मध्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्यामुळे इथे भौगोलिक उत्तर ग्रिडच्या उत्तरेच्या उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, झुकलेली असते. मुंबईत हाच कोन सुमारे ०.७ अंशापर्यंत जातो, तर ७५ अंशांच्या पूर्वेला असलेल्या छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर इथे तो उलट बाजूला पडतो. त्यामुळे एका शहरात चाललेली दुरुस्ती दुसऱ्या शहरात तशीच वापरली तर चूक दुप्पट होऊ शकते. नागपूर तर ४४ व्या झोनमध्येच येते आणि तिथे मध्य रेखावृत्त ८१ अंशांचा धरावा लागतो.

वास्तुविशारद रेव्हिटमध्ये काम करत असेल, तर गोंधळ तिथल्या एका नावामुळे वाढतो. तिथे True North असे लिहिलेले असते, पण शेअर्ड निर्देशांकांच्या दृष्टीने ती दिशा म्हणजे केवळ सर्व्हेच्या +Y अक्षाची दिशा होय. सर्व्हे यूटीएममध्ये असेल तर तिथे ग्रिडची उत्तरच भरावी लागते. सूर्याचा अभ्यास किंवा अक्षांश-रेखांशांवरून काढलेला दिगंश तिथे भरला की संपूर्ण मॉडेल A भोवती २२ कलांनी फिरते. उन्हाच्या अभ्यासाचे काय, असा आक्षेप इथे हमखास येतो. तीस मीटर लांब सावलीचे टोक या फरकाने सुमारे १९ सेंटिमीटर हलते. सावलीच्या अभ्यासासाठी ते नगण्य आहे, आणि सीमेपासूनच्या सामासिक अंतरात मात्र सव्वा मीटर अजिबात नगण्य नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधली उत्तर निःशंकपणे ग्रिडची ठेवावी आणि कुणाला भौगोलिक उत्तर हवीच असेल तर ती कागदावरच्या बाणापुरती दाखवावी. सहा सेंटिमीटर लांबीच्या बाणाचे टोक त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी हलेल.

रेव्हिटमध्ये हे बसवण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग असा. सर्व्हेची DWG फाइल `Link CAD` ने जोडताना एकक `meter` असे स्पष्ट निवडावे आणि `Correct lines that are slightly off axis` हा पर्याय काढून टाकावा, कारण तो सीमेच्या जवळजवळ आडव्या-उभ्या रेषा आपल्या मनाने सरळ करतो. जोडणी `Auto - Center to Center` ठेवावी, जेणेकरून वीस लाख मीटरवरची भूमिती रेव्हिटच्या अंतर्गत शून्यापाशी येईल. त्या शून्यापासून सोळा किलोमीटरच्या पलीकडे काम करणे रेव्हिटला मानवत नाही. रेषा थरथरल्यासारख्या दिसतात आणि स्नॅप चुकतात. त्यानंतर सर्व्हेची लिंक फिरवून आणि सरकवून तिचा A इमारतीच्या A वर आणि AB दिशा इमारतीच्या आडव्या दिशेवर आणावी. हलवायची ती लिंक, इमारत नव्हे. शेवटी `Manage` टॅबवरच्या `Coordinates` मधून `Acquire Coordinates` देऊन ती लिंक निवडली की निर्देशांक आणि उत्तर दोन्ही तिच्याकडून घेतले जातात, आणि कोन हाताने टाइप करायची वेळच येत नाही.

कोन हाताने टाइप करायचाच असेल, तर `Specify Coordinates at Point` मध्ये A चे निर्देशांक देऊन प्रोजेक्ट उत्तरेपासूनचा कोन २९.४८७ अंश पूर्व असा द्यावा लागतो. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, `East` ऐवजी `West`: तसे झाल्यास B चे ईस्टिंग अगदी बरोबर येते आणि नॉर्दिंग मात्र १९० मीटरने, म्हणजे ९५ च्या दुपटीने, कमी येते. एक निर्देशांक तंतोतंत बरोबर आणि दुसऱ्यात दुप्पट फरक, असे चित्र दिसले की दुसरे काही शोधू नये. दुसरी चूक दशांशांची. ऑटोकॅडच्या नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये `AUPREC` शून्य असल्यामुळे कोन नुसता २९ दिसतो, आणि तोच पुढे कळवला जातो. तेवढ्याने B टोकाला सुमारे १.६४ मीटर फरक पडतो. दोन दशांश दिले तर तो एका सेंटिमीटरवर येतो, तीन दिले तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. दुसऱ्याला कोन पाठवण्यापेक्षा A आणि B चे निर्देशांकच पाठवावेत, असे माझे मत त्यामुळेच झाले आहे.

एवढे सगळे बरोबर करूनही रेव्हिटमधून निघणारी DWG चुकू शकते. एक्सपोर्टच्या सेटअपमध्ये `Units & Coordinates` या टॅबवर `Coordinate system basis` हा पर्याय असतो. तिथे `Project Internal` राहिले तर फाइल अंतर्गत शून्यावर आणि आडवी बाहेर पडते. `Shared` निवडून एकक `meter` ठेवले तरच ती सर्व्हेवर बसते. सेटअपला नाव देऊन तो प्रकल्पात सेव्ह केला नाही, तर पुढच्या वेळी दुसरा माणूस पुन्हा मूळ पर्यायानेच एक्सपोर्ट करतो. ‘मागच्या वेळी तर बरोबर होते’ या तक्रारीमागे बहुतेकदा एवढेच असते.

आता स्ट्रक्चरल ड्रॉइंगकडे येऊ, कारण त्याचे दोन्ही बिंदू अचूक जुळतात आणि तरीही ते चुकीचे आहे. त्यातल्या ९००० मिमीच्या एका गाळ्याची मास्टरमध्ये मोजणी केली तर ८९९७ मिमी भरते. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने AB ची लांबी साइटवर मोजलेली, म्हणजे १९३.०५७ मीटर, धरून आपले ड्रॉइंग काढले होते. आणि जुळवताना `ALIGN` कमांडच्या शेवटच्या प्रश्नाला होकार दिला गेला:

```
Scale objects based on alignment points? [Yes/No] <N>:
```

होकार दिला की ऑटोकॅड संपूर्ण ड्रॉइंग १९३.००० भागिले १९३.०५७ या प्रमाणात आखडून दोन्ही टोके जुळवून देते. त्याबरोबर कॉलमचे आकार आणि गाळ्यांची अंतरेही आखडतात, आणि डायमेंशनचा मजकूर कुणी हाताने लिहिलेला असेल तर ते कागदावर दिसतही नाही. म्हणून दोन बिंदूंबरोबर प्रत्येक ड्रॉइंगमधले एक माहीत असलेले अंतर नेहमी तपासावे. आखडलेले ड्रॉइंग उलट ताणत बसण्यात अर्थ नाही. कन्सल्टंटची मूळ फाइल पुन्हा घेऊन ती A वर ठेवावी, AB च्या दिशेला फिरवावी आणि त्या प्रश्नाला नकार द्यावा.

मात्र ते ५७ मिलिमीटर आले कुठून, हा प्रश्न उरतोच, आणि त्यात कुणाचीही मोजणी चुकलेली नाही. यूटीएममध्ये मध्य रेखावृत्तावर अंतरे ०.९९९६ पटीने लहान केलेली असतात. पुण्याजवळ, म्हणजे मध्य रेखावृत्तापासून सुमारे १२१ किलोमीटरवर, हे प्रमाण साधारण ०.९९९७८ होते. त्यात जागेच्या उंचीमुळे आणखी थोडी घट धरावी लागते, आणि एकूण प्रमाण ०.९९९७ च्या आसपास येते. म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर ग्रिडमध्ये सुमारे तीन सेंटिमीटरने कमी भरतात. तीस-चाळीस मीटरच्या बंगल्याच्या प्लॉटवर हे सोडून देता येते; दोनशे मीटरच्या गृहसंकुलात, जिथे टोटल स्टेशनवर प्रमाण एक ठेवून कॉलमची आखणी होणार आहे, तिथे ते सोडता येत नाही.

अशा प्रकल्पात सर्व्हेअरला सुरुवातीलाच सांगून निर्देशांक जमिनीवरच्या अंतरांचे करून घ्यावेत. A चे मूल्य स्थिर ठेवून बाकीचे बिंदू त्याच्याभोवती त्या प्रमाणात ताणले, तर आपल्या उदाहरणात B हा ३,७८,७८०.५०० पूर्व आणि २०,४८,२००.३४८ उत्तर असा होतो. दिशा जराही बदलत नाही. पण मग ही संख्या यूटीएमसारखीच दिसते आणि खरी यूटीएम नसते, आणि वर्षभराने कुणीतरी ती उपग्रह-प्रतिमेवर टाकून नवा घोळ घालतो. म्हणून ताणल्यानंतर ईस्टिंगमधून ३,७८,००० आणि नॉर्दिंगमधून २०,४८,००० वजा करून टाकणे मला अधिक योग्य वाटते. त्यामुळे A हा ६१२.४५०, १०५.३२० असा राहतो. आकडे पाहताच हा साइटचा स्थानिक ग्रिड आहे हे कळते, आणि मोठ्या आकड्यांचा रेव्हिटला होणारा त्रासही संपतो. वजा केलेले आकडे, वापरलेले प्रमाण, झोन आणि A हा स्थिर बिंदू असल्याची नोंद मात्र सर्व्हेच्या ड्रॉइंगवर ठळकपणे हवी, नाहीतर परत यूटीएमवर जाण्याचा रस्ताच बंद होतो. भूमी अभिलेखची क-प्रत अनेकदा निर्देशांकांशिवाय येते. ती या ग्रिडवर बसवताना सीमेच्या खुणा आधी जागेवर मोजून घ्याव्या लागतात, केवळ कागदाच्या प्रमाणावर विसंबता येत नाही.

एककांचा दोष वेगळा सांगावा इतका गुंतागुंतीचा नाही, पण तो भेटतो मात्र सारखा. एक्सरेफ जोडताना ऑटोकॅड दोन्ही फाइल्समधले `INSUNITS` पाहून आपोआप प्रमाण लावते: मीटरसाठी ६, मिलिमीटरसाठी ४, इंचासाठी १. मीटरमध्ये काढलेल्या फाइलला चुकून इंचाचा शिक्का असेल तर मीटरच्या मास्टरमध्ये आपला १९३ मीटरचा AB फक्त ४.९० मीटरचा होतो. `INSUNITS` बदलल्याने त्या फाइलमधली भूमिती बदलत नाही, फक्त शिक्का बदलतो, त्यामुळे ही दुरुस्ती निर्धास्तपणे मूळ फाइलमध्ये करता येते. आरशात पाहिल्यासारखे उलटे ड्रॉइंग दिसले तर मात्र एकके तपासू नयेत. सर्व्हेअरच्या बिंदूंच्या फाइलमध्ये नॉर्दिंगचा रकाना आधी होता आणि तो X म्हणून वाचला गेला आहे.

ज्यांना तिरक्या सर्व्हेवर काम करणे नकोसे होते, त्यांना सर्व्हे फिरवण्याची गरज नसते. World स्थितीत असताना `UCS` कमांड देऊन स्नॅपने आधी A आणि मग B निवडून Enter द्यावे, ती अक्षरचना `NA` पर्यायातून नाव देऊन सेव्ह करावी आणि `PLAN` कमांडला `C` द्यावे. पडद्यावर प्लॉट आडवा होतो, ऑर्थो सीमेला समांतर चालतो, आणि भूमिती आपल्या निर्देशांकांवरच राहते. शीटवर व्ह्यूपोर्टमध्ये हेच करून तो लॉक करावा. फाइल दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी World स्थिती परत आणून, A आणि B या दोन बिंदूंवर त्यांचे निर्देशांक लिहिलेली खूण सर्वांच्या फाइल्समध्ये एकाच नावाच्या लेअरवर ठेवली, की सुधारित ड्रॉइंग आल्यावर मास्टर सांभाळणाऱ्याला दोन वेळा `ID` आणि एका गाळ्याचे मोजमाप एवढेच करावे लागते. त्यातले एक जरी जुळले नाही तरी ड्रॉइंग हलवू नये, ते पाठवणाऱ्याकडे तिन्ही आकड्यांसह परत पाठवावे.